माइलस्टोनचं पेमेंट अडकलंय आणि जिरात तर सगळं ‘डन’ दिसतंय: अॅक्सेप्टेड तिकिटांचा हिशोब कसा ठेवायचा

प्रश्न: आमची पुण्यातली २२ जणांची कंपनी आहे, चाकणच्या एका क्लायंटसाठी डीलर पोर्टल करतोय, फिक्स्ड प्राइस. करारात लिहिलंय की माइलस्टोनमधली तिकिटं क्लायंटने फॉर्मली अॅक्सेप्ट केली की पेमेंट. जिरात आमची जवळपास सगळी तिकिटं डन आहेत पण त्यांचं अकाउंट्स म्हणतं अॅक्सेप्टेड खूपच कमी आहेत, बिल दोन महिने अडकलंय. हे नीट ट्रॅक कसं करायचं?

उत्तर:

मी आधी नऊ वर्षं व्हेंडरच्या बाजूने डिलिव्हरी सांभाळली आणि आता क्लायंटच्या बाजूला बसून व्हेंडरची बिलं पास करते, त्यामुळे हे भांडण दोन्हीकडून बघितलंय. बहुतेक वेळा कुणी खोटं बोलत नसतं. तुम्ही मोजताय एक गोष्ट आणि त्यांचं अकाउंट्स मोजतंय दुसरी, आणि दोघंही त्याला ‘झालेली तिकिटं’ म्हणताय. डन म्हणजे तुमच्या टीमच्या मते काम संपलं. अॅक्सेप्टेड म्हणजे क्लायंटच्या नेमलेल्या माणसाने ते बघितलं आणि ठरलेल्या निकषांप्रमाणे आहे असं लेखी सांगितलं. पैसे दुसऱ्या गोष्टीवर मिळतात, आणि तुमच्या जिराला ही दुसरी गोष्ट बहुधा माहीतच नाहीये.

आधी अडकलेलं बिल कसं सोडवायचं ते सांगते, कारण त्यातूनच पुढची सेटिंग काय हवी हे कळतं. माझ्या व्हेंडरच्या दिवसांतली केस घेते, ट्रान्सपोर्टमधली एक कंपनी होती, त्यांची डिस्पॅच सिस्टीम करत होतो, तिसरा माइलस्टोन १८ लाखांचा. आमच्या जिरात M3 या व्हर्जनला ६२ तिकिटं, त्यातली ५७ डन. त्यांच्या प्रोजेक्ट मॅनेजरच्या एक्सेलमध्ये अॅक्सेप्टेड ३८. मीटिंगला आमचे डायरेक्टर म्हणायचे ५७, ते म्हणायचे ३८, आणि अडीच महिने हेच चाललं होतं.

मी पहिलं काम केलं ते म्हणजे कराराचं परिशिष्ट काढलं. त्यात M3 खाली ५४ तिकिटं होती, ६२ नाही. वरची आठ नंतर शिरलेली, पाच म्हणजे युएटीत सापडलेले बग जे वेगळी तिकिटं म्हणून टाकले होते, आणि तीन म्हणजे क्लायंटने कॉलवर मागितलेल्या नव्या गोष्टी ज्या आमच्याच मुलाने भाबडेपणाने त्याच व्हर्जनला जोडल्या होत्या. पेमेंटसाठी ही आठ मोजायचीच नव्हती, ना त्यांच्या बाजूने ना आमच्या. ती बाजूला काढल्यावर चित्र असं झालं: ५४ पैकी ५१ डन, ३ चालू, आणि ५१ पैकी ३८ अॅक्सेप्टेड. म्हणजे खरा वाद १३ तिकिटांचा. १३ तिकिटं एका टेबलावर बसून एकेक उघडता येतात, १९ चा मोघम फरक नाही सोडवता येत.

ती १३ उघडली तर तीन ढीग झाले. सहा तिकिटं अशी की क्लायंटच्या ऑपरेशन्सच्या माणसाने डेमोत बघून ‘छान आहे, चालेल’ म्हटलं होतं, कुणी व्हॉट्सअॅपवर अंगठा टाकला होता, पण लेखी मान्यता कुठेच नाही, आणि तो माणूस करारातला अॅप्रूव्हरही नव्हता. चार तिकिटं अशी की आमच्या टेस्टरने पास केली, डन केली, पण तो बिल्ड युएटी सर्व्हरवर गेलाच नव्हता, म्हणजे क्लायंटला बघायला मिळालेलंच नाही तर तो काय अॅक्सेप्ट करणार, ही चूक शंभर टक्के आमची. आणि तीन तिकिटं अशी की ती एकदा अॅक्सेप्ट झाली होती आणि नंतर पुन्हा उघडली गेली होती.

तुमच्याकडेही जवळपास हेच तीन ढीग निघतील. त्यामुळे आज संध्याकाळी मेल लिहायच्या आधी हे वाटप करा, परिशिष्टातली यादी घेऊन, जिरातल्या व्हर्जनवरून नाही.

पहिला ढीग लवकर सुटतो. आम्ही सहा तिकिटांना बिल्ड नंबर, युएटीची लिंक, डेमोची तारीख लिहून खऱ्या अॅप्रूव्हरकडे दिली, दोन दिवसांत त्याने पाच अॅक्सेप्ट केली, सहावीत एक फिल्टर चालत नव्हता तो करून दिला. इथे एक मोह होतो तो टाळा, व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट जोडून ‘हेच अॅक्सेप्टन्स धरा’ असं म्हणायचा. अॅप्रूव्हरला उद्या त्याच्या ऑडिटला उत्तर द्यायचंय, स्क्रीनशॉटवर तो सही करणार नाही, आणि तुम्ही अडून बसलात तर उरलेल्या तिकिटांकडे तो दुप्पट संशयाने बघेल. स्क्रीनशॉट संदर्भ म्हणून ठेवा, मान्यता त्याच्याकडून नव्याने घ्या. दुसरा ढीग म्हणजे निव्वळ आपलं काम, डिप्लॉय करा, द्या, आम्हाला आठ दिवस लागले.

तिसऱ्या ढिगावर जरा थांबते कारण पैसे सगळ्यात जास्त इथे अडकतात. आमच्या तीनपैकी एक तिकीट होतं डिलिव्हरी चलनाची पीडीएफ काढण्याचं. निकष चार ओळींचे: चलन नंबर, गाडी नंबर, मालाची यादी, आणि खाली सहीची जागा. १२ डिसेंबरला अॅक्सेप्ट झालं. ३ जानेवारीला गोदामातल्या सुपरवायझरने कमेंट टाकली की पीडीएफ दोन प्रतींत यायला हवी, एक ड्रायव्हरची एक गेटची, आणि कुणीतरी तिकीट उचलून परत ‘इन प्रोग्रेस’ केलं. मागणी रास्त होती, गेटवर दोन प्रती लागतातच. पण चार निकषांत प्रतींचा उल्लेख नव्हता, म्हणजे ही नवीन मागणी आहे, जुन्या कामातला दोष नाही. आमच्या मुलांनी ते प्रेमाने तिथेच करून परत डन केलं आणि एक अॅक्सेप्ट झालेलं तिकीट हातातून गेलं. तिन्ही तिकिटं निकष समोर ठेवून अॅप्रूव्हरबरोबर वाचली, त्यातली दोन नवीन मागणी निघाली, ती परत अॅक्सेप्टेड केली आणि मागणीचं नवीन तिकीट करून जुन्याला लिंक केलं. तिसऱ्यात खरंच दोष होता, पन्नासपेक्षा जास्त ओळींचं चलन दुसऱ्या पानावर तुटत होतं, ते आम्ही निमूट दुरुस्त करून पुन्हा मान्यतेला दिलं.

त्या दिवसापासून माझा नियम असा की अॅक्सेप्ट झालेलं तिकीट उघडायचं नाही, कधीच नाही. दोष सापडला तर नवीन बग तिकीट, ते वॉरंटीत जातं आणि फुकट दुरुस्त होतं. नवीन मागणी असेल तर सीआर, ती किमतीसकट. दोन्ही जुन्या तिकिटाला लिंक. क्लायंटला यात काही गमवावं लागत नाही कारण दोष दुरुस्त करायची तुमची जबाबदारी तशीच राहते, फक्त १२ डिसेंबरला जे मान्य झालं ते मान्य राहतं. मी आता क्लायंटच्या खुर्चीत बसूनही हाच नियम लावते, कारण उघडझाप होणाऱ्या तिकिटांवर मला माझ्याच फायनान्सला आकडा देता येत नाही.

उरली ती चालू असलेली तीन. करारात लिहिलं होतं ‘सर्व तिकिटं’, म्हणजे एकही राहिलं तरी १८ लाख थांबणार. एक पूर्ण केलं. दोन तिसऱ्या कंपनीच्या जीपीएसच्या एपीआयसाठी अडली होती, ती आमच्याही हातात नव्हती आणि त्यांच्याही. तेव्हा एका पानाचं अमेंडमेंट केलं, दोन तिकिटं M4 मध्ये, त्यांचे ८० हजारही M4 मध्ये, M3 आता ५२ तिकिटांचा आणि १७ लाख २० हजारांचा. ५२ पैकी ५२ अॅक्सेप्टेड झाल्यावर सर्टिफिकेट मिळालं. सगळं मिळून पाच आठवडे. लक्षात घ्या, ही दोन तिकिटं जिरात नुसती M4 ला सरकवून चाललं नसतं, जिरातलं व्हर्जन म्हणजे करार नाही, फायनान्स परिशिष्ट उघडून ५४ च मोजणार, म्हणून सहीचा कागद लागतो.

आता पुढच्या माइलस्टोनसाठी जिरा कसं लावायचं. कंपनी-मॅनेज्ड प्रोजेक्ट आहे असं धरते, त्यात वर्कफ्लोवर पूर्ण ताबा मिळतो.

डन हे स्टेटस शेवटचं ठेवू नका. तुमच्या क्यूएनंतर तीन स्टेटस हवीत: `Submitted for Acceptance`, `Accepted`, `Rejected`. सबमिट करायचं बटण तुमच्या डिलिव्हरी लीडकडे, आणि त्या बटणाला एक स्क्रीन जोडा आणि असा व्हॅलिडेटर लावा की बिल्ड नंबर आणि युएटी लिंक भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणजे वरची ‘युएटीवर गेलंच नाही’ वाली चार तिकिटं तिथेच अडतील. अॅक्सेप्ट आणि रिजेक्टच्या ट्रान्झिशनवर कंडिशन लावा की युजर `Client Approver` या प्रोजेक्ट रोलमध्ये असला पाहिजे. कंडिशन लावली की बाकीच्यांना ते बटण दिसतच नाही. रोलमध्ये करारात नाव असलेला माणूस आणि त्याचा बदली माणूस, बस, तिसरा कुणी नको, आणि तुमच्या बाजूचा तर अजिबात कुणी नको, अगदी ‘फक्त त्यांच्या वतीने मार्क करायला’ म्हणूनही नको. मी क्लायंट म्हणून एकदा हिस्टरी उघडली आणि ११ तिकिटं व्हेंडरच्याच स्क्रम मास्टरने अॅक्सेप्टेड केलेली दिसली. मेल होते त्याच्याकडे, वाईट हेतू नव्हता, तरीही मला तो अख्खा माइलस्टोन पहिल्यापासून तपासायला लागला आणि त्यांचे तीन आठवडे गेले.

बदली माणूस का म्हणते तर दिवाळीत, मार्च एंडला, किंवा माणूस नोकरी सोडून गेला की रांग तशीच थांबते. बदली माणसाचं नाव करारातच टाकून घ्या, नंतर मागितलं तर महिना जातो.

`Accepted` मधून बाहेर जाणारं एकही ट्रान्झिशन ठेवू नका, आणि वर्कफ्लोमध्ये ‘ऑल’ म्हणजे कुठूनही जाणारी ग्लोबल ट्रान्झिशन असतात ती आधी काढा, नाहीतर मागच्या दाराने तिकीट उघडतंच. त्या स्टेटसला ही प्रॉपर्टी लावली की तिकिटाचं वर्णन आणि निकषही नंतर कुणाला बदलता येत नाहीत, कमेंट मात्र टाकता येते:

```
jira.issue.editable = false
```

परमिशन स्कीममध्ये तिकीट डिलीट करायचा अधिकार सगळ्यांकडून काढून घ्या. डिलीट झालेल्या तिकिटाबरोबर त्याची हिस्टरीही जाते आणि मग काय मान्य झालं होतं हे दाखवायला हातात काही उरत नाही. अॅडमिन हे सगळं बदलू शकतो ही मर्यादा राहतेच, म्हणून अॅडमिन कोण हे दोन्ही बाजूंना माहीत असू दे आणि वर्कफ्लोत बदल करायचा असेल तर आधी मेल.

आता बेसलाइन. बरेच जण लेबल लावतात किंवा व्हर्जनवर विसंबतात, दोन्ही कुणीही बदलू शकतं, आमची ५४ ची ६२ अशीच झाली. त्यापेक्षा परिशिष्टावर सही झाली त्याच दिवशी तिकिटांचे नंबर जसेच्या तसे एका सेव्ह केलेल्या फिल्टरमध्ये टाका:

```
issuekey in (DSP-101, DSP-102, DSP-107, DSP-110)
```

त्याला `M3-annexure` असं नाव द्या, दोन्ही बाजूंना शेअर करा, बदलायचा हक्क एकाकडेच. आता कुणी M3 ला शंभर तिकिटं जोडली तरी हा आकडा हलत नाही, आणि यादीतलं एखादं तिकीट डिलीट झालं तर क्वेरी एरर देते, म्हणजे गडबड लगेच कळते. अमेंडमेंट झालं तरच यादी बदलायची, आणि फिल्टरच्या वर्णनात अमेंडमेंटची तारीख लिहायची.

यावर मी तीनच क्वेरी चालवते. पहिली, अमुक तारखेला किती मान्य होती:

```
filter = "M3-annexure" AND status WAS "Accepted" ON "2024/02/26"
```

आज किती हे सगळेच बघतात, पण बिल एका तारखेचं असतं आणि वाद दोन महिन्यांनी होतो, तेव्हा त्या तारखेची स्थिती दाखवता आली पाहिजे. क्लायंट परदेशात असेल तर एक काळजी घ्या, जिरा या तारखा बघणाऱ्याच्या प्रोफाइलमधल्या टाइमझोनप्रमाणे धरतं, त्यामुळे महिनाअखेरीला रात्री उशिरा मान्य झालेलं तिकीट तुम्हाला १ तारखेला दिसेल आणि त्यांना ३१ ला. कुठला टाइमझोन धरायचा हे करारात किंवा निदान एका मेलवर ठरवून ठेवा.

दुसरी, मान्य होऊन परत कुठलं उघडलं गेलं. ही रिकामीच यायला हवी:

```
filter = "M3-annexure" AND status CHANGED FROM "Accepted"
```

आणि तिसरी सगळ्यात कामाची, क्लायंटकडे पडून राहिलेली तिकिटं. आमच्या करारात तपासणीला १० कामाचे दिवस होते म्हणून १४ दिवस धरलेत:

```
filter = "M3-annexure" AND status = "Submitted for Acceptance"
AND NOT status CHANGED AFTER -14d
```

इथे बरेच जण ‘सबमिट होऊन १४ दिवस झालेली’ अशी क्वेरी लिहितात आणि फसतात. एखादं तिकीट महिन्यापूर्वी सबमिट झालं, रिजेक्ट होऊन परत आलं आणि काल पुन्हा सबमिट झालं तर तेही त्यात येतं, आणि मग क्लायंटला तुम्ही कालचंच काम उशिरा म्हणून दाखवता. वरच्या क्वेरीत गेल्या १४ दिवसांत जे हललंच नाही तेवढंच येतं.

या क्वेरींचं मी दर शुक्रवारी एक छोटं पत्रक करते, एका माइलस्टोनला एक ओळ: परिशिष्टात किती, मान्यतेला दिली किती, मान्य किती, रिजेक्ट किती, मुदत उलटून पडून आहेत किती. टक्केवारी लिहीत नाही, कारण टक्का दिसला की लोक तिकिटांची नावं बघत नाहीत आणि ‘नव्वद टक्के झालं की’ असं बोलायला लागतात, करारात नव्वदला काही मिळत नसलं तरी. पत्रकाबरोबर तिकिटांची यादी सीएसव्हीत काढून त्याच मेलला जोडायची, दोन्ही बाजूंच्या फायनान्सला कॉपी. जिरा क्लायंटच्या मालकीचं असेल तर हे सोडूच नका. वाद झाला की पहिली गोष्ट होते ती म्हणजे तुमचा अॅक्सेस जातो, मग तुमच्याकडे तुमच्याच कामाचा पुरावा शुक्रवारचे मेल एवढाच उरतो.

तिकिटं शेवटच्या आठवड्यात ढिगाने देऊ नका हेही सांगते, कारण मी आता त्या खुर्चीत बसते. माझं मूळ काम सांभाळून मला दिवसाला पाच-सहा तिकिटं नीट तपासता येतात. व्हेंडरने महिन्याच्या २८ तारखेला ३० तिकिटं टाकली तर ती पुढच्या महिन्यातच जाणार, आणि घाईत बघितली तर मी शंका आली की रिजेक्ट करते, मान्य नाही करत. आठवड्याला आठ-दहा आली तर त्याच आठवड्यात निघतात.

रिजेक्ट करताना निकषाचा नंबर लिहिणं बंधनकारक ठेवा. ‘नीट वाटत नाही’ हे रिजेक्शन नाही. निकष क्रमांक ३ प्रमाणे मालाची यादी वजनासकट यायला हवी, येत नाही, हे रिजेक्शन. त्यासाठी निकष तिकिटात काम सुरू व्हायच्या आधी लिहिलेले हवेत आणि अॅप्रूव्हरने ते वाचलेले हवेत, बहुतेक टीम इथेच आळस करतात आणि शेवटी त्याचीच किंमत मोजतात.

करार आता बदलता येत नसेल तर पुढच्या एसओडब्ल्यूत दोन गोष्टी मागा. एक, ‘सर्व तिकिटं’ काढून असं लिहा की गंभीर प्रकारची सगळी आणि एकूण नव्वद टक्के मान्य झाली की माइलस्टोनचा मोठा हिस्सा द्यायचा, उरलेला शेवटच्या तिकिटांना. बटणाच्या रंगाच्या एका तिकिटावर १८ लाख अडू नयेत एवढंच. दोन, डीम्ड अॅक्सेप्टन्स, म्हणजे ठरलेल्या दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मान्य धरायचं. मोठे क्लायंट हे सहज देत नाहीत, पण मुदत उलटायच्या तीन दिवस आधी व्हेंडरने आठवण करायची आणि मगच ती उलटेल असं लिहिलं की बरेचदा मान्य करतात.

तुम्ही २२ जणांची कंपनी आहात, उद्यम रजिस्ट्रेशन असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु मध्ये बसत असाल तर २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. त्यात डिलिव्हरीनंतर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर डिलिव्हरीचा दिवसच स्वीकृतीचा दिवस धरला जातो, आणि हरकत आली तर ती तुम्ही दूर केली तो दिवस. करारात काहीही मुदत लिहिली तरी तिथून ४५ दिवसांपुढे पेमेंट नेता येत नाही, नेलं तर कलम १६ प्रमाणे बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात ४३बी(एच) म्हणून आलेल्या नियमामुळे २०२३-२४ पासून ही मुदत चुकवली तर क्लायंटला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो, म्हणून मार्चमध्ये त्यांचं अकाउंट्स स्वतः फोन करून विचारतं. पण हे सगळं डिलिव्हरीच्या तारखेवर उभं आहे, आणि ती तारीख म्हणजे तुमच्या मुलाने डन केलं तो दिवस नाही, युएटीवर देऊन क्लायंटला लेखी कळवलं तो दिवस. प्रत्येक रिलीजला तिकिटांच्या नंबरांसकट मेल जाऊ दे. आणि त्यांनी १५ दिवसांत जिरात रिजेक्ट करून कारण लिहिलं असेल तर ती लेखी हरकतच आहे असं धरून चाला, ‘पत्र कुठे दिलं’ असा वाद घालू नका. कायद्याचा उल्लेख पहिल्या मेलमध्ये करू नका, आधी १३ तिकिटांसारखा हिशोब मांडा, बहुतेक बिलं तिथेच सुटतात. नाहीच सुटलं तर सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते आणि तेव्हा हेच मेल कामाला येतात.

जीएसटीची एक बाजू आहे जी टेक्निकल लोकांच्या लक्षात येत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणारं आणि टप्प्याटप्प्याने पैसे मिळणारं काम कंटिन्युअस सप्लायमध्ये येतं, आणि पेमेंट एखादी घटना पूर्ण होण्याशी जोडलेलं असेल तर सीजीएसटीच्या कलम ३१(५) प्रमाणे इनव्हॉइस ती घटना पूर्ण होईल त्या तारखेला किंवा आधी काढायचा असतो. तुमची घटना म्हणजे अॅक्सेप्टन्स. आता समजा शेवटचं तिकीट २६ फेब्रुवारीला मान्य झालं, सर्टिफिकेट ११ मार्चला हातात आलं पण त्यावर तारीख २६ फेब्रुवारीचीच, तर तुमचा इनव्हॉइस मार्चचा आणि घटना फेब्रुवारीची, आणि १८ टक्के कोणत्या महिन्यात भरायचा हा प्रश्न तुमच्या गळ्यात. म्हणून शेवटचं तिकीट मान्य झालं त्याच दिवशी सर्टिफिकेट घ्यायचं. मसुदा आधीच पाठवून ठेवायचा, त्यांनी फक्त तारीख टाकून परत पाठवायचा. घटना नेमकी कुठली, शेवटचं तिकीट की सर्टिफिकेट, हे करारात एका वाक्यात लिहून घ्या आणि ते वाक्य तुमच्या सीएला आधी दाखवा.

सर्टिफिकेट म्हणजे फार काही नसतं. आम्ही पाठवलेला मसुदा असा होता:

‘करार क्रमांक अमुक, परिशिष्ट ब, अमेंडमेंट १ नुसार M3 मधील सर्व ५२ तिकिटं (यादी सोबत) दिनांक २६/०२/२०२४ रोजी स्वीकारली आहेत. देय रक्कम रु. १७,२०,०००, जीएसटी वेगळा. सोबतच्या यादीतील ५ बग वॉरंटीखाली दुरुस्त होतील, ३ नवीन मागण्या स्वतंत्र सीआर म्हणून घेतल्या जातील, यांचा M3 च्या देयकाशी संबंध नाही.’

शेवटचं वाक्य आम्ही मुद्दाम घातलं, कारण बाजूला काढलेली ती आठ तिकिटं कुठे गेली हा प्रश्न त्यांच्या फायनान्सने विचारलाच असता, आणि पुन्हा एक फेरी झाली असती. मसुदा सोमवारी सकाळी गेला, दुपारी सही होऊन आला, संध्याकाळी इनव्हॉइस गेला.

तुमच्या परिशिष्टात किती तिकिटं आहेत, त्यातली युएटीवर किती पोचलीत आणि पुन्हा उघडलेली किती, हे तीन आकडे इथे टाका, मग कुठला ढीग आधी उचलायचा ते नीट सांगता येईल.